एक चमचा मेथी म्हणजे नक्की किती?

बाबांची वही आत्ता माझ्यासमोर आहे. वरच्या ओळीत तारीख, मग उपाशीपोटी साखर, आणि शेवटच्या रकान्यात ‘मे.’ असं एक अक्षर. मे. म्हणजे मेथी घेतली. सांगलीहून ते आमच्याकडे पुंगोलला तीन महिन्यांसाठी आले तेव्हा पहिल्या आठवड्याची सरासरी होती १५६. रोज रात्री एक चमचा मेथीदाणे भिजत घालायचे, सकाळी पाण्यासकट गिळायचे, असा एक महिना गेला आणि सरासरी आली १३८. बाबा खूश. मला म्हणाले, “तुम्ही पेपरं वाचत बसा, आमचं काम झालं.”

तुमच्याही घरी कोणीतरी असं म्हणालं असणार. मेथी नाहीतर कारल्याचा रस. आणि तुम्ही एकतर “हो बरं” म्हणून विषय सोडला असेल, नाहीतर “याला काही पुरावा नाही” म्हणून भांडला असाल. दुसरं वाक्य मीही बरेचदा म्हटलंय. ते चूक आहे. पुरावा आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा पेपर आमच्या घरापासून तासाभराच्या एमआरटीवर लिहिला गेलाय. प्रश्न आहे तो पुरावा बाबांच्या चमच्याबद्दल काही सांगतो का, हा.

तो पेपर २०१४ चा. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या नीलकांतन, व्हॅन डॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रिशन जर्नलमध्ये छापलेली मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे तोवर माणसांवर झालेले मेथीचे प्रयोग गोळा करून त्यांची एकत्र केलेली बेरीज. दहा प्रयोग धरले, आणि उत्तर आलं की मेथी घेणाऱ्यांची उपाशीपोटी साखर न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.९६ मिलिमोलने कमी झाली. सिंगापूरचे आकडे मिलिमोलमध्ये असतात, गावाकडचे मिलिग्रॅममध्ये. मधला गुणक १८. म्हणजे साधारण १७ मिलिग्रॅम. खाल्ल्यानंतर दोन तासांची साखर २.१९ मिलिमोलने, म्हणजे जवळजवळ ४० मिलिग्रॅमने कमी. आणि तीन महिन्यांचा सरासरी हिशोब सांगणारी एचबीए१सी ०.८५ टक्क्याने कमी.

हे आकडे लहान नाहीत. डॉक्टर पहिल्यांदा जी गोळी देतात त्या मेटफॉर्मिनने एचबीए१सी साधारण एक ते दीड टक्का उतरते. मग ०.८५ म्हणजे अर्ध्या गोळीपेक्षा जास्तच की! बाबांना हे वाचून दाखवलं असतं तर त्यांनी पेपर फ्रेम करून लावला असता.

पण आता तोच पेपर जरा खालपर्यंत वाचू या. एचबीए१सीचा आकडा दहापैकी फक्त तीन प्रयोगांतून आलाय, आणि त्याची शक्य मर्यादा ०.२२ पासून १.४९ पर्यंत पसरलेली आहे. खालच्या टोकाला मेथी म्हणजे जवळजवळ काहीच नाही, वरच्या टोकाला पूर्ण गोळी. उपाशीपोटी साखरेत तर प्रयोगाप्रयोगांमधला फरक इतका मोठा आहे की लेखकांनी मोजलेली विसंगती ८० टक्के निघाली. सोप्या भाषेत, या दहा प्रयोगांचे निकाल एकमेकांपासून जितके लांब पडलेत, त्यातला बहुतेक भाग निव्वळ योगायोगाने पडलेला नाही. ते दहाजण वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. मग त्यांची सरासरी म्हणजे पोहे, उपमा आणि बिर्याणी यांची सरासरी चव.

वेगवेगळ्या म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत मेथीवर जे काम केलं ते या विषयाचा पाया मानलं जातं. त्यांच्या १९९० च्या एका प्रयोगात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस मेथी दिली, दहा दिवस नाही दिली, बाकी जेवणाच्या कॅलरी सारख्या ठेवल्या. लघवीतून चोवीस तासांत जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा तुम्हाला भारतातल्या कुठल्याही मेथीच्या लेखात सापडेल. जे सापडत नाही ते प्रमाण: दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढून टाकलेली मेथीपूड, दोन जेवणांत विभागून. शंभर ग्रॅम! आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी मेथीदाणे टाकून बघितले, मोठी वाटी भरते. पुढे १९९६ मध्ये त्यांनी टाइप २ च्या ६० रुग्णांना २४ आठवडे रोज २५ ग्रॅम दिली, तीही जेवणातूनच. आणि बाबांचा चमचा? सपाट भरला की चार ग्रॅमच्या आसपास.

मेटा-अ‍ॅनालिसिसमध्येही हेच दिसतं, फक्त ते सारांशाच्या शेवटी आहे. मेथीचा ठोस परिणाम मिळाला तो मध्यम किंवा मोठं प्रमाण दिलेल्या प्रयोगांत, आणि तेही ज्यांना आधीच मधुमेह आहे अशांमध्ये.

प्रमाणाला एवढं महत्त्व का, हे मेथी भिजवलेल्या वाटीत बोट घातलंत की कळेल. बुळबुळीत, चिकट लागतं ना? तो चिकटपणा गॅलॅक्टोमॅनन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूंचा. पोटात गेल्यावर त्याचा जेलसारखा लगदा होतो, जेवण पोटातून पुढे सावकाश सरकतं आणि पिठूळ पदार्थांतली साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. इसबगोलचं काम असंच चालतं. मेथीत आणखी एक अमिनो आम्ल आहे, चार-हायड्रॉक्सी-आयसोल्युसीन, जे प्रयोगशाळेत इन्सुलिन सुटायला मदत करतं. ते खरं असलं तरी माणसांवरच्या निकालांचा मोठा वाटा तंतूंचाच असावा असं मला वाटतं, कारण जेवणानंतरच्या साखरेतली घट उपाशीपोटीच्या घटीच्या दुपटीहून जास्त आहे. आता यावरून दोन गोष्टी निघतात. जेल व्हायला माल लागतो, चिमूटभर चालत नाही. आणि ज्या जेवणाला आवरायचं, त्या जेवणासोबत किंवा त्याच्या थोडं आधी मेथी पोटात हवी. पहाटे सहाला अख्खे दाणे न चावता गिळून नऊला नाश्ता केला, तर निम्मं काम वाया. मेथकुटाबद्दल विचारू नका. नावात मेथी असली तरी डब्यात डाळी-तांदूळच. मेथीची भाजी म्हणजे पानं, तिच्यावर हे प्रयोग नाहीत.

मग बाबांची साखर उतरली कशी? इथे मला जयपूरचा एक छोटा प्रयोग फार आवडतो. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तो २००१ मध्ये फिजिशियन्सच्या भारतीय संघटनेच्या जर्नलमध्ये छापला. नुकताच मधुमेह कळलेले २५ रुग्ण. निम्म्यांना दोन महिने रोज एक ग्रॅम मेथीचा अर्क, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण मेथी नसलेल्या कॅप्सूल. पथ्य आणि व्यायाम दोघांनाही सांगितला. मेथीवाल्यांची उपाशीपोटी साखर सरासरी १४८ वरून १२० वर आली. एवढंच ऐकलंत तर टाळ्या वाजवाल. पण खोट्या कॅप्सूलवाल्यांची १३७ वरून ११३ झाली! मेथीने २८ ची घट, मेथीशिवाय २४ ची. उपाशीपोटीच्या आणि दोन तासांच्या साखरेत दोन गटांत फरक नाही, असं लेखकांनीच लिहिलंय. साखरेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ आणि इन्सुलिनचा अंदाजी प्रतिरोध मात्र मेथीच्या गटात कमी निघाला, आणि त्याच्या जोरावर निष्कर्षात मेथीचा फायदा होतो असं म्हटलंय. मला तो निष्कर्ष ताणलेला वाटतो. पंचवीस माणसांत अनेक गोष्टी मोजल्या आणि ज्या दोन-तीन जमल्या त्या पुढे आणल्या, असं होऊ शकतं. तरी या पेपरचा सगळ्यात मोलाचा आकडा मेथीचा नाहीच, तो त्या २४ चा आहे. नुसतं कोणीतरी लक्ष देतंय, पथ्य सांगतंय, दोन महिन्यांनी परत तपासणार आहे, एवढ्याने २४ मिलिग्रॅम उतरतात.

आता वहीकडे परत या. १५६ चे १३८, म्हणजे १८. याच महिन्यात बाबा आणखी काय करत होते? सांगलीत ते स्कूटरवर भाजी आणायला जातात. इथे रोज सकाळी पुंगोल वॉटरवेच्या कडेने तासभर चालतात, कारण करायला दुसरं काही नाही. चहा दिवसातून चार वेळाचा दोन वेळा झाला, कारण आई बरोबर नाही आणि मला तो त्यांच्यासारखा जमत नाही. शिवाय पहिला आठवडा विमानप्रवास, जागरण आणि आल्या आल्या केलेल्या श्रीखंड-पुरीचा होता. सुरुवातच नेहमीपेक्षा वर होती, ती खाली येणारच होती. आणि घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात शंभरच्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालतं. १५६ चे १५ टक्के म्हणजे २३. सरासरी काढली की ही चूक थोडी कमी होते हे खरं, पण रोज सकाळी एकच आकडा बघून “आज मेथी लागू पडली” म्हणण्यात काही अर्थ नाही.

मेथीच्या प्रयोगांत आणखी एक अडचण आहे जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मेथी लपवता येत नाही. कॅप्सूलमध्ये भरली तरी मोठ्या प्रमाणात घेतली की घामाला आणि लघवीला मेपल सिरपसारखा गोडसर वास यायला लागतो. सोटोलोन नावाच्या रेणूचा तो प्रताप. बाळंतिणीला मेथीचे लाडू खायला घालणाऱ्या घरांना हा वास ओळखीचा असेल. म्हणजे ज्याला मेथी मिळाली त्याला ते चार दिवसांत कळतं. कळलं की माणूस जरा जास्त पथ्य पाळतो, आणि दुसऱ्या गटातला हिरमुसतो. जेवणातून २५ ग्रॅम पूड देणाऱ्या प्रयोगात तर लपवाछपवीचा प्रश्नच येत नाही. रक्तातली साखर हे वस्तुनिष्ठ मोजमाप आहे, ते मनाच्या समजुतीने बदलत नाही, असं कोणी म्हणेल. साखर नाही बदलत, पण रात्रीचा भात बदलतो.

मग मेथीला किती गुण द्यायचे? मला विचाराल तर असं: दहा ग्रॅमच्या वर, जेवणासोबत, मधुमेह असलेल्या माणसात, जेवणानंतरची साखर थोडी उतरते यावर मी विश्वास ठेवतो. यंत्रणा समजण्यासारखी आहे आणि दिशा बहुतेक प्रयोगांत एकच आहे. ती किती उतरते, वर्षभर टिकते का, आणि त्याने डोळे-मूत्रपिंड-हृदय वाचतं का, यावर हे प्रयोग काही सांगू शकत नाहीत. आठवड्यांचे आणि काही डझन माणसांचे प्रयोग ते सांगणार कसे? २०१५ मध्ये एक मोठा अपवाद आला: मधुमेहाच्या उंबरठ्यावरची १४० माणसं, तीन वर्षं, रोज दोन वेळा पाच-पाच ग्रॅम. मेथी न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता चौपट निघाली. हा आकडा मला जरा जास्तच गोड वाटतो. दुसऱ्या कोणीतरी तो प्रयोग परत करून दाखवेपर्यंत मी तो जपून वापरीन.

कारल्याची गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त निराश करणारी. सुरुवात मात्र झकास होती. १९८१ साली जयपूरच्याच संशोधकांनी कारल्यातून पॉलिपेप्टाइड-पी नावाचं प्रथिन वेगळं केलं. त्याने साखर उतरली, म्हणून त्याला ‘वनस्पतिजन्य इन्सुलिन’ हे नाव चिकटलं. आजही कारल्याच्या रसाच्या बाटलीवर ते नाव दिसतं. पण ते प्रथिन टोचून दिलं होतं. इन्सुलिन तोंडाने का घेता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे: पोट ते पचवून टाकतं. टोचलेल्या कारल्याचा पुरावा प्यालेल्या कारल्याला लावता येत नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने नऊ मधुमेहींवरचा प्रयोग छापला. कारल्याचा रस दिल्यावर ग्लुकोज पिऊनही साखर कमी चढली. तळलेलं कारलं रोज जेवणात दिल्यावर सुधारणा झाली, पण किरकोळ. नऊच माणसं, पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. आपण कारल्याची भाजी कशी करतो? चकत्या करायच्या, मीठ चोळायचं, अर्ध्या तासाने घट्ट पिळून पाणी फेकून द्यायचं, तेलात परतायचं, वर चिंच-गूळ. ज्या रसाची चाचणी झाली तो आपण बेसिनमध्ये ओततो आणि त्या जागी गूळ घालतो! चवीला उत्तम. साखरेसाठी औषध म्हणून मात्र तिला पुरावा मागू नये.

कॅप्सूलचं काय? मनिलाच्या फिलिपिन जनरल हॉस्पिटलमधला २००७ चा प्रयोग नीट आखलेला होता: ४० रुग्ण, तीन महिने, कारल्याच्या कॅप्सूल विरुद्ध खोट्या कॅप्सूल. एचबीए१सीतला फरक ०.२२ टक्का, योगायोगापासून वेगळा न काढता येणारा. थायलंडच्या २०११ च्या प्रयोगात चार आठवडे तीन वेगवेगळी प्रमाणं मेटफॉर्मिनशी ताडून पाहिली. सगळ्यात मोठ्या, दिवसाला दोन ग्रॅमच्या प्रमाणानेच काही परिणाम दिसला, आणि तोही मेटफॉर्मिनपेक्षा कमी. २०१२ मध्ये कॉक्रेनसाठी मलेशियातल्या संशोधकांनी सगळं धुंडाळलं तर निकषात बसणारे चार प्रयोग मिळाले, मिळून ४७९ माणसं. निष्कर्ष: कारलं वापरा म्हणण्याइतका पुरावा नाही. नंतर आणखी प्रयोग आले, बेरजा झाल्या, पण चित्र फारसं बदललं नाही. शिवाय कारलं म्हणजे तरी कुठलं? टेक्का मार्केटमध्ये मिळणारं गडद, काटेरी, बोटभर कारलं आणि शेजारच्या फेअरप्राइसमधलं फिकट, गुळगुळीत, हातभर चिनी कारलं, दोघांचं शास्त्रीय नाव एकच. कॅप्सूलमध्ये कुठलं, फळ की बी की पान, हे बरेचदा लेबलवर नसतं.

“पण नुकसान तर काही नाही ना?” हा प्रश्न नेहमी इथे येतो. कमी पुरावा म्हणजे शून्य परिणाम नव्हे. १९७९ मध्येच लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधल्या एका स्त्रीबद्दल टिपण आलं होतं. ती क्लोरप्रोपामाइड ही गोळी घ्यायची आणि जेवणात कारलंही खायची. दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळला. त्या गोळीची भावंडं, ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड, आजही लाखो लोक घेतात. ती इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, त्यामुळे वरून काहीही साखर उतरवणारं घेतलं तर ती धोक्याइतकी खाली जाऊ शकते. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती बरीच कमी. तेव्हा घरी फोन करून पहिलं विचारायचं ते गोळीचं नाव. जी-६-पीडी कमतरता असलेल्यांनी कारल्याच्या बिया टाळाव्यात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मेथी जपून, दोघं एकाच कुळातले. थायरॉइडची गोळी आणि मेथीचा लगदा यांत काही तासांचं अंतर ठेवा. आणि कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळायची जी टूम आहे, त्यात दुधी कडू निघाला तर तो ओतून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसं मेली आहेत आणि आयसीएमआरच्या समितीने तसा इशारा दिलेला आहे. कारल्यात मिसळला की तो कडूपणा कळणारच नाही, हीच तर अडचण.

बाबांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, “बाबा, आपण आठ दिवस तुमची मेथी तपासू या.” ते फक्त मेटफॉर्मिन घेतात, डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. नाश्ता रोज तोच: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, बिनसाखरेचा चहा. फिरणं संध्याकाळवर ढकललं. आठपैकी कुठले चार दिवस मेथीचे, ते नाणं उडवून ठरवलं. त्या दिवशी काट्यावर मोजून दहा ग्रॅम पूड, पाण्यात कालवून, नाश्त्याच्या दहा मिनिटं आधी. पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचायचं. उपाशीपोटीचं नाही, कारण मेथी जे काही करते ते जेवणानंतर.

मेथीच्या दिवसांचे आकडे: १८८, २०१, १७६, १९५. बिनमेथीचे: २१४, १९७, २२३, २०६. सरासरी १९० आणि २१०. मेथीचा एक दिवस बिनमेथीच्या एका दिवसापेक्षा वाईट आहे, बघा. वीसचा फरक दिशेने पेपरशी जुळतो, आकाराने त्याच्या निम्मा, आणि आठ दिवसांत तो योगायोगानेही येऊ शकतो. बाबांना माहीत होतं कुठला दिवस कुठला, तेही धरायला हवं. एका मेथीच्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी अर्धीच खाल्ली, विचारलं तर म्हणाले, “पोट भरलं.” तंतूंचा गुण म्हणायचा की परीक्षेत पास व्हायची धडपड, मला ठरवता आलं नाही.

चौथ्या मेथीच्या दिवशी पोटात गुबारा धरला आणि दहा ग्रॅम हा प्रकार रोज जमणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. पाच ग्रॅम पूड कणकेत मळून, दोन्ही जेवणांना, यावर तडजोड झाली. परवा ते परत गेले. जाताना माझा स्वयंपाकघरातला काटा बॅगेत घातला, चमच्यावर आता भरवसा नाही म्हणाले. सांगलीला पोचल्यावर आधी एक एचबीए१सी करायची, मग तीन महिन्यांनी दुसरी, मधे गोळीत बदल नाही. वहीत ‘मे.’च्या पुढे त्यांनी नवीन रकाना आखलाय: ‘चाललो किती’.